मजुरीचा रकाना

अकोल्याच्या बुरुडांवर पाच मिनिटांचा अ‍ॅनिमेशन माहितीपट करावा, म्हणून अनुदानाचा अर्ज लिहायला बसलो. सेकंदाला बारा चित्रे, म्हणजे एकूण ३,६००. दोघांनी रोज तीस-तीस काढली तरी साठ दिवस. मुख्य खर्च तोच.

कॅमेरा का नको? बांबू चिरताना चीर पातळ बाजूला सरकते. जाड बाजू वाकवली की ती पुन्हा मधोमध येते. हे बांबूच्या आत घडते. तिथे चित्रच पोचते.

प्रेक्षक : 'संपूर्ण महाराष्ट्र' खोडून 'अकोला-अमरावतीच्या शाळा' लिहिले.

अर्ज बुरूडकाकांना वाचून दाखवला. सूप विणता विणता ते म्हणाले, "बापू, तुह्यासमोर बसलो त्या दिवसाची मजुरी कोन देईन?"

तो रकानाच नव्हता. आता तो पहिला आहे.