चार गुण

दिवाळीत भावाकडे, बेळगावला गेले होते. भाची मानसशास्त्र शिकते. रात्री तिनं कागद काढला आणि म्हणाली, "आत्या, अठरा वर्षांच्या आतलं सांगायचं. हो किंवा नाही." दहा प्रश्न होते. घरातलं मोठं माणूस घालूनपाडून बोलायचं का? वळ उठेपर्यंत मारायचं का? घरात कुणाला मनाचा आजार होता का? आपल्यावर कुणाची माया नाही असं वाटायचं का?

आई गेल्यावर आम्ही दोघं काकांकडे वाढलो. माझे चार 'हो' झाले. भावाचा एकच. "काका मारायचे? ओरडायचे तेवढे," तो म्हणाला. एकच घर, एकच जिना! आणि आई गेली, त्याचा गुणच नाही. आईवडील वेगळे झाले का हे त्या यादीत आहे. ते वारले का, हे नाही.

मग भाचीनं सांगितलं. अमेरिकेत सॅन डिएगोला डॉ. फेलिटी वजन उतरवण्याचं केंद्र चालवत. वजन छान उतरत असलेली माणसंच मध्येच सोडून जात. विचारपूस केल्यावर बऱ्याच जणांच्या बालपणी अत्याचार निघाले. त्यातून डॉ. अँडांसोबत मोठी पाहणी झाली, ती 1998 साली छापून आली. चार किंवा जास्त गुणांच्या माणसांत दारू, नैराश्य यांचं प्रमाण कितीतरी पट निघालं. मधुमेहाचं साधारण दीडपट.

मी धसकलेच. रात्रभर झोप नाही.

सकाळी भाचीनं चहा घेता घेता हिशेब मांडला. "समज, शून्य गुणांच्या शंभरांत दहांना मधुमेह होतो. मग चार गुणांच्या शंभरांत पंधरांना. म्हणजे पंच्याऐंशींना नाहीच. तू पंधरांतली की पंच्याऐंशींतली, हे कागद सांगत नाही." शिवाय मार एकदा बसला की दहा वर्षं, कोणत्या वयात बसला, जवळ घेणारं कुणी होतं का, हे या बेरजेत येत नाही. सगळ्याला सारखाच एक गुण. 2020 मध्ये खुद्द अँडांनीच लिहिलं, की हा आकडा समूहासाठी आहे, एकेका माणसाचं निदान करायला वापरू नका.

मग तो खोटा का? नाही. हजारो मुलांचं मिळून बघितलं तर बालपणीचा जाच पुढे अंगावर निघतो, हे त्यातून दिसतं. म्हणून मुलांना जपायचं. पण माझ्यापुरतं विचाराल तर माझी साखर नॉर्मल आहे आणि एक गुणवाला भाऊ आठ वर्षं गोळ्या घेतोय.

निघताना भाऊ जिन्यापर्यंत आला. हळूच म्हणाला, "ताई, तुला मारायचे तेव्हा मी माडीवर पळायचो."

त्याचा गुण कुठे धरायचा, ते भाचीला विचारलं नाही.