पहिले वाक्य

निवृत्तीच्या समारंभात बोलणारा मनुष्य बहुधा आपल्या वरिष्ठांचे आभार मानतो, सहकाऱ्यांची नावे घेतो आणि खाली बसतो. बीदर जिल्ह्यातील एका देवळाच्या सभामंडपात आम्ही ऐकलेले भाषण त्या जातीचे नव्हते. मुलांसाठी असलेल्या १०९८ या दूरध्वनीवर वर्षानुवर्षे बसलेल्या एक बाई निरोप घेत होत्या. मुंबईत १९९६ साली सुरू झालेली ही सेवा पुढे देशभर पसरली. २०२३ पासून ती शासनाने हाती घेऊन ११२ क्रमांकाशी जोडली. पण बाईंनी हा इतिहास दोन वाक्यांत आटोपला. त्यांना सांगायचे होते ते फोन उचलल्यावर कानी पडलेल्या पहिल्या वाक्यांविषयी.

“मूल कधीच ‘मला मदत करा’ असे म्हणत नाही,” त्या म्हणाल्या. एकाने विचारले होते, “हा फोन फुकट आहे ना?” आणि फोन ठेवून दिला. तोच मुलगा तासाभराने पुन्हा बोलला. एका मुलीने विचारले, “आमच्या दारात मांडव घातलाय, तो कुणाचा?” श्रोते हसले, बाई हसल्या नाहीत. कन्नड, मराठी, दखनी, लमाणी यांपैकी पहिला शब्द कोणत्या भाषेत येईल याचा नेम नसे, म्हणून त्या नुसते “बोल बाळा” म्हणून थांबत.

सर्वांत चमत्कारिक प्रश्न मात्र पुढचा होता. अक्षय्य तृतीयेला चार दिवस उरले होते. पलीकडून आवाज आला, “बाई, माझं वय किती हाय, ते तुमाला कळतंय का?”

आम्ही वकिली करतो. या प्रश्नातले मर्म आम्हांस तत्काळ जाणवले. घरच्यांनी आधारपत्र पुढे केले होते. त्यावर १ जानेवारी ही तारीख होती आणि त्या हिशेबाने मुलगी अठरा पुरी झाली होती. पण बाईंनी तिला वय विचारले नाही. पहिली शाळा कोणती, हे विचारले. बालन्याय कायद्याच्या ९४व्या कलमात वयाच्या पुराव्याचा क्रम घालून दिला आहे: आधी शाळेचा वा मॅट्रिकचा दाखला, तो नसेल तर नगरपालिकेचा किंवा पंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. आधार त्या क्रमात कोठेच नाही; ते जन्मतारखेचा पुरावा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०२४ साली म्हटले. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती, रजिस्टर कपाटात, किल्ली मुख्याध्यापकांकडे आणि मुख्याध्यापक आपल्या गावी. किल्ली येण्यात दीड दिवस गेला. रजिस्टरात १ जून ही तारीख निघाली. (आपल्याकडे निम्म्या पिढीला गुरुजींनी जूनमध्येच जन्माला घातले आहे!) दोन तारखांत दोन वर्षे पाच महिन्यांचे अंतर होते. मुलीचे सोळावे अजून पुरे व्हायचे होते.

आता कोणी म्हणेल, कर्नाटकात २०१६च्या दुरुस्तीने बालविवाह मुळातच रद्दबातल ठरतो, मग धावपळ कशाला? येथेच सीमाभागाची मेख आहे. कमलनगरहून उदगीर ते किती दूर! वऱ्हाड रातोरात महाराष्ट्रात नेले की ती दुरुस्ती पाठीमागे राहते. केंद्राच्या २००६च्या कायद्याप्रमाणे असा विवाह सामान्यतः आपोआप रद्द होत नाही. मुलीला स्वतः न्यायालयात जावे लागते, आणि तेही सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत. सासरी नांदणारी कोणती मुलगी ते करील? म्हणून बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्याने १३व्या कलमाखाली दंडाधिकाऱ्यांकडून मनाईहुकूम घेतला. निकड असेल तर नोटीस न देताही असा तात्पुरता हुकूम मिळतो. तो मोडून लावलेले लग्न १४व्या कलमाने मुळातच रद्द होते, आणि हे कलम केंद्राच्याच कायद्यातले असल्यामुळे हद्द ओलांडून सुटका नाही. हुकूम हाती पडल्यावर मुलीच्या चुलत्यांनी ठरलेली मोटार परत पाठवली.

सभेत एका वृद्ध पुरोहितांनी विचारले, “आम्ही काय पाहावे?” बाईंनी आमच्याकडे बोट दाखवले. आम्ही सांगितले की १०व्या कलमाची शिक्षा लग्न लावणाऱ्यालाही आहे, दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. वधू सज्ञान आहे असे मानण्यास सबळ कारण होते, हे सिद्ध केले तरच तो सुटतो. तेव्हा शाळेचा दाखला पाहूनच मुहूर्त द्यावा. त्यांनी तो क्रम पंचांगाच्या कोऱ्या पानावर उतरवून घेतला.

सगळेच फोन असे संपत नाहीत, हेही बाईंनी लपवले नाही. कित्येकदा पलीकडे नुसता श्वास ऐकू येई. असा फोन ठेवायचा नाही, हा त्यांचा नियम. मागचे आवाज ऐकत राहायचे, कधी गिरणीचा पट्टा, कधी बसचा भोंगा, आणि मधूनमधून “मी आहे” एवढेच म्हणायचे. एक फोन तीन रात्री लागोपाठ आला होता. मागे देवळाची घंटा वाजत असे. चौथ्या रात्री तो आला नाही. बाईंच्या वहीत त्या नोंदीपुढे ‘बंद’ असे अजून लिहिलेले नाही. ती वही त्यांनी त्याच संध्याकाळी नव्या मुलीच्या हाती दिली.