सूनबाईचा निरोपाचा मेल



आमची सूनबाई अंधेरीच्या एका कंपनीत १४ वर्षं होती, शेवटची ६ वर्षं ११ जणांची टीम लीड. कामाचा शेवटचा दिवस दोन दिवसांवर आला तेव्हा तिने निरोपाचा मेल लिहिला आणि म्हणाली, "आई, जरा वाचता का?" मेल इंग्रजीत होता, इथे मराठीत सांगते.

दीड पान होतं. सगळ्यांचे आभार नावानिशी, पण तीन महिन्यांपूर्वी लागलेल्या मुलाचं नाव राहिलेलं. नावांची यादी केली की कुणीतरी सुटतंच, लग्नपत्रिकेतही तेच होतं ना! मग नावं काढली आणि कामं ठेवली. 'मार्चअखेरीस रात्री दहापर्यंत थांबून तुम्ही हिशोब जुळवलेत' हे वाचून ज्याचं त्याला कळतं. 'तुम्ही माझं कुटुंब आहात' हे वाक्य मात्र काढलं. कुटुंबातला माणूस राजीनामा देत नाही.

'अनेक अडचणी असूनही' हे तीन शब्दही गेले. ते साहेबांना उद्देशून होते, हे सगळ्या मजल्याला कळलं असतं.

खरी अडचण शेवटच्या ओळीची होती: 'कळत-नकळत कुणाला दुखावलं असेल तर क्षमा करा.' आपल्याला ही ओळ संवत्सरीमुळे सवयीची. पण मेल तर साठ माणसांना जाणार होता. मी विचारलं, "खरंच कुणी दुखावलंय का?" ती थोडी गप्प झाली. टीममधल्या एकीची बढती तिच्या शेऱ्यामुळे गेल्या वर्षी अडली होती. म्हटलं, मग तिच्याकडे जाऊन बोल, साठ जणांत तिला लपवू नकोस. ओळ काढली. दुसऱ्या दिवशी दोघी चहाला गेल्या. काय बोलल्या ते मी विचारलं नाही.

एचडीएफसीचे दीपक पारेख १९७८ पासून तिथे होते. १ जुलै २०२३ ला कंपनी बँकेत विलीन झाली, त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी भागधारकांना शेवटचं पत्र लिहिलं. त्यात आपण थांबतोय हे साधेपणाने सांगितलं आणि पुढच्या संस्थेबद्दल आशाही ठेवली. सूनबाईलाही तेच सुचवलं: पुढे काम कोण बघणार, ते पहिल्या परिच्छेदातच हवं. पण नव्या लीडचं नाव कंपनीने आधी जाहीर केलेलं हवं, नाहीतर मेलमुळेच बातमी फुटायची. ग्राहकांना वेगळा मेल, चार ओळींचा, साहेबांना दाखवून: कधीपासून नाही, कुणाशी बोलायचं, आभार. नव्या नोकरीचं नाव दोन्हींत नाही.

आणि मेल शेवटच्या दिवशी दुपारी बारालाच पाठवला. संध्याकाळी खातं बंद झालं की उत्तरं वाचायला मिळत नाहीत. स्वतःचा फोन नंबर फक्त टीमच्या मेलमध्ये घातला.

शेवटी तो अर्ध्या पानाचा झाला. पहिलं उत्तर त्या नव्या मुलाचं आलं.