पावसाला दिशा असते

पेठच्या आठवडे बाजारात काकांच्या वडिलांचं दुकान म्हणजे एक गोणपाट, एक हातोडी आणि चार टाक्या. पाटा-वरवंटा वापरून गुळगुळीत झाला की बाया तो डोक्यावर घेऊन यायच्या आणि टाकवून न्यायच्या. टाकी पडली की काळ्या दगडावर पांढरा ठिपका उठतो. सात-आठ वर्षांच्या मुलाला त्या ठिपक्यांची रांगोळी बघायला आवडायची. पुढं हाच मुलगा जुन्या देवळांच्या दुरुस्तीच्या कामावर दगडकाम करायला लागला. आयुष्य त्यात गेलं. आता सत्तरी ओलांडल्यावर ते पेठला परतलेत आणि लोक त्यांच्याकडं मूर्ती दाखवायला आणतात. कुणाच्या शेतात नांगराला लागलेली असते, कुणाला कुणी विकत देऊ केलेली असते. सगळे त्यांना काका म्हणतात.

काकांच्या बोलण्यात तो पांढरा ठिपका अजून येतो. टाकीच्या घावानं दगडाचे कण चिरडतात, म्हणून ती जागा पांढुरकी दिसते. पाट्यावर हा पांढरेपणा वाटणाच्या पहिल्या चार दिवसांत जातो. मूर्तीवर मात्र तो खोल खाचांत, दागिन्यांच्या सांध्यांत, बोटांच्या बेचक्यांत बराच काळ टिकतो, कारण तिथं घासायला काही पोचत नाही. नव्या मूर्तीला जुनं रूप देणाऱ्याला पहिल्यांदा हेच झाकावं लागतं. तो तेल आणि काजळी लावतो, किंवा सरळ बुटाचं काळं पॉलिश. स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा अशा खाचेत फिरवला की बोळा काळा होतो आणि खाच पांढरी. पूजेतल्या मूर्तीला काका हा बोळा कधीच लावत नाहीत. तिच्यावर कुठं जुना रंग असेल तर तोही बोळ्यावर येईल.

पण इतक्या सहज पकडता येणारी नक्कल हल्ली कमी येते.

नाशिक जिल्ह्यातली बहुतेक जुनी देवळं आणि मूर्ती काळ्या पाषाणातल्या, म्हणजे बेसॉल्टच्या. हा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यामुळं प्रयोगशाळेत दगडाचं वय काढून काही हाती लागत नाही. खऱ्या मूर्तीचा दगडही तेवढाच जुना आणि काल खाणीतून आणलेला दगडही तेवढाच. बघायचं असतं ते कोरल्यानंतर काय झालं. कोरलेला पृष्ठभाग हवेला आणि पाण्याला उघडा पडला की दगडातलं लोह हळूहळू गंजतं, काळा-निळसर रंग तपकिरी-करडा होत जातो आणि वरती एक साल धरते. जुन्या मूर्तीचा टवका उडालेला असेल तर त्या कडेवर भिंगातून ही साल दिसते. तिचा रंग आत जाता जाता पातळ होत दगडात मिसळतो. रंग, चहाचं पाणी किंवा रसायन वापरून चढवलेला जुनेपणा मात्र साधारणपणे वरच्यावर थांबतो. कडेवर रेघ मारल्यासारखा तो संपतो आणि खाली लगेच ताजा काळा दगड लागतो.

साल आहे म्हटल्यावरही काकांचं समाधान होत नाही. त्यांचा पुढचा प्रश्न असतो, ती कुठं आहे? सह्याद्रीत पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो. देवळाच्या पश्चिमेच्या भिंतीवर, छज्ज्याबाहेर असलेली मूर्ती आणि पूर्वेला छज्ज्याखाली असलेली मूर्ती सारखी झिजत नाही. एकाच मूर्तीतही कपाळ, नाक, स्तन, गुडघे असे पुढं आलेले भाग पाणी झेलतात आणि काखा, कानामागची जागा, प्रभावळीची आतली बाजू कोरडी राहते. छज्ज्यावरून पाणी एका ठरावीक जागी ठिबकत असेल तर तिथं खळगा पडतो आणि त्याखाली पाण्याची वाट उमटते. सिन्नरच्या गोंदेश्वराच्या भिंतीसमोर उभं राहून हा फरक शिकता येतो. काकांनी कित्येक होतकरू मुलांना तिथं नेऊन पावसाळ्यात दिवसभर नुसतं पाणी कुठून येतं ते बघायला लावलंय.

ॲसिड मारलेल्या मूर्तीत पावसाला दिशा नसते. ॲसिड ब्रशनं लावलं किंवा मूर्तीच त्यात बुडवली तर ते काखेतही जातं आणि कपाळावरही. बेसॉल्टच्या पोकळ्यांत बऱ्याचदा पांढरे खडे असतात. त्यातले चुनखडीच्या जातीचे, म्हणजे कॅल्साइटचे खडे ॲसिडमध्ये फसफसून विरघळतात आणि जागोजाग स्वच्छ, रिकामी भोकं राहतात. पाऊसही कॅल्साइट खातो, पण शतकं लावून आणि जिथं पोचतो तिथलाच. आडोशाच्या जागी, हनुवटीखाली अशी रिकामी भोकं दिसली की काका मूर्ती खाली ठेवतात.

याच्या उलट गारगोटीचा खडा. तो बेसॉल्टपेक्षा टणक. आजूबाजूचा दगड झिजत गेला की तो फणसाच्या काट्यासारखा किंचित वर राहतो. काका डोळे मिटून मूर्तीवरून अंगठा फिरवतात, तो यासाठी. उघड्या खांद्यावर खडा बोटाला लागला आणि आडोशाच्या काखेत तसाच खडा पृष्ठभागाशी सपाट असला, तर गोष्ट जुळते. सगळीकडं सपाट असेल तर ग्राइंडर फिरलाय. सगळीकडं सारखाच वर आलेला असेल तर वाळूचा फवारा मारलाय.

शेवाळाला ते विचारातच घेत नाहीत. पेठच्या पावसात अंगणात टाकलेली फरशीसुद्धा एका हंगामात हिरवी होते. दगडफुलाची गोष्ट वेगळी. मसाल्यात पडतं ते मोठ्या पानांचं दगडफूल, त्याचे भाऊबंद दगडाला खरुजेसारखे चिकटून वाढतात. हे गोल ठिपके वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर, कधी त्याहूनही कमी पसरतात. त्यांचे धागे दगडात शिरतात, म्हणून ते नखानं निघत नाहीत. डिंकानं चिकटवलेलं दगडफूल पाण्याचा ओला फडका काही वेळ ठेवला की अख्खं उचलून येतं.

इतकं सगळं ठाऊक असूनही काका एकदा सपशेल चुकले. एका गावाच्या वेशीवरच्या देवाची मूर्ती त्यांनी बघितली. टाकीचे घाव धारदार, झीज नाही, साल नाही. ‘नवी आहे, पन्नास वर्षांच्या आतली,’ असं सांगून ते मोकळे झाले. नंतर गावातल्या एका म्हातारीनं घरात जपून ठेवलेला शेंदराचा तुकडा आणून दाखवला. हाताच्या तळव्याएवढा जाड. आत थरावर थर, आणि आतल्या बाजूला मूर्तीच्या गालाचा हुबेहूब ठसा. पिढ्यान् पिढ्या तेलात कालवून चढवलेल्या शेंदरानं त्या दगडाला पाणी लागूच दिलं नव्हतं. कवच गळून पडलं तेव्हा खालची मूर्ती कोरल्या दिवसासारखी बाहेर आली. नाशिक जिल्ह्यातल्याच सप्तशृंगी गडावर २०२२ मध्ये देवीच्या मूर्तीवरचे शेंदराचे जुने थर उतरवले आणि मूळ कोरीव रूप दिसलं, तेव्हा काकांना तो गाल पुन्हा आठवला. त्या चुकीनंतर ताजेपणा बघून ते निकाल देत नाहीत. ही जागा कशानं झाकली होती, हे आधी विचारतात.

प्रयोगशाळेलाही असं चकायला होतं. अमेरिकेतल्या गेटी संग्रहालयानं १९८५ मध्ये संगमरवरी ग्रीक तरुणाचा पुतळा घेतला. दगड डोलोमाइट जातीचा, आणि त्याच्यावरची साल बनायला शतकं लागतात असं तपासणीत सांगितलं गेलं होतं. पुढं तशी साल प्रयोगशाळेतही करता येते असं दिसलं आणि सगळा भरवसा ढासळला. मग पुतळ्याच्या पाटीवर ‘सुमारे इ.स.पू. ५३०, किंवा आधुनिक बनावट’ असं दोन्ही लिहिलेलं असायचं. २०१८ मध्ये त्याला दालनातून हलवलं. काकांना ती पाटी फार आवडते. इतकी प्रामाणिक पाटी आपल्याकडं कुणी लावेल का, असं ते हसत विचारतात.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या ओट्यावर आलेली मूर्ती विष्णूची होती. हात-सव्वा हात उंच, शिळेची सपाट कड तशीच ठेवून आत उठावात कोरलेली. आणणारा दलाल जीपमधून आला होता. मूर्ती सिन्नरकडच्या पडक्या देवळातली, असं त्याचं म्हणणं.

काकांनी आधी ती पालथी केली. पाठीवर खरी साल होती. तपकिरी, जाड, कडेच्या जुन्या टवक्यात आतपर्यंत विरत गेलेली. दगडफुलाचे रुपयाएवढे करडे ठिपके होते, पाण्यानं भिजवूनही हलेनात. दलालाचा चेहरा खुलला. मग मूर्ती सुलटी झाली. पुढच्या बाजूलाही रंग तोच दिसत होता. विष्णूच्या डाव्या खांद्याबाहेर, शिळेच्या सपाट भागावर, आणखी एक दगडफूल होतं. काकांनी भिंग लावलं आणि बराच वेळ काढलंच नाही. तो ठिपका अर्धाच होता. खांद्याच्या कडेशी तो सुरीनं कापावा तसा संपत होता आणि पलीकडं दंडावर त्याचा मागमूस नव्हता. वाढणारं दगडफूल कडेशी थबकलं तर त्याची किनार जाड होते, वळते. इथं किनारच नव्हती, मधला भाग उघडा पडला होता. म्हणजे दगडफूल आधी आणि खांदा नंतर.

पुढचं सगळं ओघानं आलं. उठावाच्या खोल भागात साल नव्हती, काळसर लेप होता. बोळा फिरवल्यावर गदेच्या मुठीतून पांढरे ठिपके वर आले.

“काका, देवाची मूर्ती आहे. खोटी कशी म्हणता?” दलाल म्हणाला.

“देव खरा. दगडही खरा, जुना. मधलीच आठ-नऊशे वर्षं तेवढी खोटी,” काका म्हणाले.

मग त्यांनी मूर्ती पुन्हा पालथी केली आणि पाठीच्या वरच्या कडेवर बोट ठेवलं. तिथं दोन बोटं रुंद, चौकोनी खाच होती. चुन्याशिवाय, दगडाला दगड अडकवून बांधलेल्या भिंतीतली. खाचेच्या आतही तीच जुनी साल होती. कुठल्या तरी देवळाच्या भिंतीचा चिरा काढून त्याच्यावर विष्णू कोरला होता. विक्रीला जुनी मूर्ती हवी आणि जुनेपणा चढवणं अवघड, मग जुना दगडच आणायचा. देवळापासून सुटा केलेला शंभर वर्षांहून जुना भाग १९७२ च्या पुरावशेष कायद्यात पुरावशेषच ठरतो. काकांनी शांतपणे विचारलं, “मूर्ती कुणी केली ते राहू दे. हा चिरा कुठल्या देवळाचा?”

दलालानं मूर्ती गोणपाटात गुंडाळली. जीप सुरू होईपर्यंत काकांनी वहीत खाचेचं माप लिहून घेतलं होतं, गाडीचा नंबर त्याच्याखाली. तहसील कार्यालयात कळवून ते घरी आले. त्या खाचेचा पुठ्ठ्याचा साचा आता त्यांच्या पिशवीत असतो. कुठल्या पडक्या देवळाकडं जाणं झालं की ते आधी ढासळलेल्या भिंतीतल्या रिकाम्या जागा बघतात आणि शेजारच्या चिऱ्यांच्या खाचांना तो साचा लावून बघतात.