साडेसहाचे साडेसात होतात तेव्हा

परभणीत बसून परदेशातल्या क्लायंटसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांची संख्या आता कमी नाही. आमची टीम त्यातलीच. काही जण परभणीत, काही पुण्यात, दोघं लंडनला आणि क्लायंटचा मॅनेजर न्यू यॉर्कला. रोज एकदा सगळे ऑनलाइन भेटतो आणि काल काय झालं, आज काय करणार, काम कुठे अडलंय एवढंच बोलतो. यालाच स्टँड-अप म्हणतात. केन श्वाबर आणि जेफ सदरलँड यांच्या ‘स्क्रम गाईड’मध्ये या भेटीसाठी फक्त १५ मिनिटं दिली आहेत आणि ती रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी घ्या, असं सांगितलं आहे. वेळ ठरलेली असली की माणसं दिवस तिच्याभोवती बेततात. म्हणूनच ती हलवायची झाली तर नीट सांगून हलवावी लागते.

आमची वेळ उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसहाची असते. तेव्हा न्यू यॉर्कला सकाळचे नऊ आणि लंडनला दुपारचे दोन वाजलेले असतात. भारताचं घड्याळ वर्षभर एकच. युरोपातली घड्याळं मात्र ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आणि अमेरिकेतली नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे जातात. त्यानंतर न्यू यॉर्कचे नऊ म्हणजे आपले साडेसात. मधल्या एका आठवड्यात लंडनचं घड्याळ हललेलं असतं, न्यू यॉर्कचं नाही. म्हणून तेवढ्या दिवसांत लंडनकरांना तीच भेट दुपारी एकला पडते. या आठवड्याचा उल्लेख राहून गेला की लंडनची मंडळी तासभर उशिरा येतात आणि बंद झालेल्या लिंकवर थांबून राहतात.

पुष्कळ टीममध्ये कुणी कुणाला काही कळवतच नाही. कॅलेंडरमधलं आमंत्रण America/New_York या वेळेवर बांधलेलं असलं की भारतातली वेळ आपोआप सरकते. सोमवारी संध्याकाळी मोबाईलवर साडेसात दिसतात, तेव्हा कळतं. मॅनेजरला वाटतं, काहीच बदललं नाही, नऊचे नऊच आहेत. इकडे मात्र जेवणाची, गाडीची, मुलांच्या अभ्यासाची वेळ मोडलेली असते. ज्यांची वेळ बदलते त्यांना ती बदलण्याआधी विचारलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. आणि विचारायचं तर उत्तर आल्यावर निर्णय फिरवता येईल इतकं आधी.

गेल्या वर्षी, २०२५ साली, लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. लोक रजेवर जाण्याआधी निरोप पोचावा म्हणून मी तो सोमवारी, १३ ऑक्टोबरला पाठवला. तो असा होता:

“आपल्या स्टँड-अपची वेळ सोमवार, ३ नोव्हेंबरपासून बदलण्याचा विचार आहे. प्रस्तावित वेळ: परभणी-पुणे संध्याकाळी ७.३०, लंडन दुपारी २, न्यू यॉर्क सकाळी ९. कारण: २ नोव्हेंबरला अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जाणार आहेत आणि आपली वेळ ६.३०च ठेवली तर न्यू यॉर्कला सकाळचे ८ वाजतील. ही वेळ मार्चच्या सुरुवातीपर्यंत राहील. ३१ ऑक्टोबरपर्यंत आपली वेळ ६.३०च. लंडनसाठी २७ ते ३१ ऑक्टोबर या दिवसांत दुपारी १. कुणाला ही वेळ जमत नसेल तर सोमवार, २७ ऑक्टोबरपर्यंत मला एकट्याला कळवा. अडचण काय ते सांगितलं नाही तरी चालेल. कोणते दिवस आणि किती वाजेपर्यंत जमेल तेवढं लिहा. अंतिम वेळ बुधवार, २९ ऑक्टोबरला सांगेन.”

यातल्या दोन गोष्टींबद्दल सांगायला हवं. पहिली कारणाची. ‘काही अपरिहार्य कारणास्तव’ असं लिहिलं की वाचणारा समजतो, ठरून गेलंय, बोलण्यात अर्थ नाही. खरं कारण लिहिलं की त्याला हिशेब दिसतो आणि तो पर्याय सुचवू शकतो. वेळेपुढे शहराचं नाव लिहायचं तेही याचसाठी. ‘९ ईएसटी’ असं सर्रास लिहिलं जातं, पण ती न्यू यॉर्कची फक्त हिवाळ्यातली वेळ आहे. उन्हाळ्यात कुणी ती शब्दशः धरली तर तासाचा घोळ होतो.

दुसरी गोष्ट, ‘मला एकट्याला कळवा’. ग्रुपवर विचारलं तर आपली माणसं अंगठा दाखवून मोकळी होतात. क्लायंटचा मॅनेजर त्याच ग्रुपवर असताना नवा मुलगा नाही म्हणणार नाही, आणि सासूबाईंच्या औषधाची वेळ कुणी चारचौघांत सांगणार नाही. म्हणून तो अंगठा मी होकार धरत नाही.

त्या खेपेला दोघांनी कळवलं. परभणीत खोली घेऊन काम करणारा आमचा एक जण रोज गंगाखेड रस्त्यावरच्या आपल्या गावी परततो. त्याची शेवटची सोयीची एसटी पावणेआठच्या सुमारास. साडेसातला सुरू झालेली भेट पावणेआठला संपते. म्हणजे गाडी चुकलीच. त्याने एवढंच लिहिलं होतं: ‘सव्वासातनंतर जमणार नाही, रोज.’ टेस्टिंग बघणारीने लिहिलं, ‘मंगळवार-शुक्रवार साडेसात नको, बाकी चालेल.’ कारण तिने लिहिलं नाही, मीही विचारलं नाही.

मी न्यू यॉर्कच्या मॅनेजरला सरळ विचारलं, साडेआठ जमतील का? मुलांना शाळेत सोडून ते सव्वाआठला मोकळे होत होते, म्हणून आठ अशक्य होते. साडेआठ जमत होते. मग २९ तारखेला सातची वेळ जाहीर केली: न्यू यॉर्क ८.३०, लंडन १.३०. सव्वासातला भेट संपते आणि स्टँडपर्यंत चालत जायला अर्धा तास मिळतो. टेस्टरचाही प्रश्न मिटला. जमलं नसतं तर तिच्यासाठी दुसरी वाट होती: त्या दोन दिवशी सहापर्यंत चार ओळी ग्रुपवर लिहून ठेवायच्या आणि भेटीत आधी त्याच वाचायच्या. रोजच्या रोज मात्र ही सवलत चालत नाही. अडलेलं काम प्रत्यक्ष बोलण्यातच सुटतं.

ठरल्यावर कॅलेंडर बदलायचं काम उरतं. गुगल कॅलेंडरमध्ये ३ नोव्हेंबरची भेट उघडून वेळ बदलायची आणि विचारल्यावर ‘This and following events’ निवडायचं, म्हणजे मागच्या नोंदी हलत नाहीत. मी वेळ Asia/Kolkata वर बांधली, कारण गाडी आपल्याकडची होती. अमेरिकेतली घड्याळं ८ मार्चला आणि युरोपातली २९ मार्चला पुढे जाणार होती, म्हणून फेब्रुवारीच्या मध्यावर पुन्हा असाच निरोप लिहायची आठवण तेव्हाच लावून ठेवली.

नवी वेळ लागू झाली की पहिले दोन आठवडे मी नीट बघतो. एकच माणूस वारंवार पाच मिनिटं उशिरा येतो, किंवा कॅमेरा बंद ठेवून ‘कालचंच चालू आहे’ एवढंच म्हणतो, तेव्हा त्याची अडचण सांगायची राहिलेली असते. त्याला त्याच दिवशी वेगळा फोन करावा.

यंदा युरोपातली घड्याळं २५ ऑक्टोबरला मागे जातील, अमेरिकेतली १ नोव्हेंबरला, आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. नव्या वेळेचा पहिला आठवडा फराळ, खरेदी आणि गावी जाण्याच्या धांदलीत येतोय. तुमच्या टीमला निरोप अजून गेला नसेल, तर आजच पाठवा.