नकार मिळाल्यावर पाठवायचा एकच निरोप

संत लूकच्या शुभवर्तमानातील नवव्या अध्यायात एक छोटी गोष्ट आहे. येशू यरुशलेमच्या वाटेवर असताना शमरोनी लोकांचं एक गाव त्याला उतरायला जागा देत नाही. याकोब आणि योहान भडकतात आणि आकाशातून अग्नी पाडून गाव भस्म करू का, असं विचारतात. येशू गावाला काहीच बोलत नाही. तो या दोघांनाच दटावतो आणि सगळे दुसऱ्या गावाला जातात. गोष्ट इथेच संपते. त्या गावाने का नाकारलं यावर वाद झाला नाही, एका रात्रीपुरती तरी जागा द्या अशी विनवणीही झाली नाही.

धर्मशिक्षणाच्या वर्गात ही गोष्ट आम्ही बरीच वर्षं शिकवतो. पण तिचा उपयोग कुठे होतो हे आम्हाला युवक मंडळातल्या मुलामुलींमुळे नीट कळलं. आवडलेल्या व्यक्तीने नाही म्हटलं की आजचा अग्नी मोबाइलवरून पडतो, तोही बहुधा रात्री अकरानंतर.

इथे एक प्रसंग सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. आमच्या बेळगावातला एक मुलगा, उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला, रविवारी मिस्सेला गायनवृंदात गातो. त्याच वृंदातल्या एका मुलीला त्याने सभ्यपणे विचारलं. दोन दिवसांनी तिचं उत्तर आलं : ‘तू चांगला आहेस, पण मी तुझ्याबद्दल तसा विचार कधी केला नाही. सध्या मला हा विषय नकोच.’ त्या संध्याकाळी तो आमच्याकडे आला तो मोबाइलमध्ये एक लांबलचक उत्तर लिहूनच. ‘सर, पाठवण्याआधी एकदा बघा’ एवढंच म्हणाला. ते वाचायला आम्ही दोघे शेजारी बसलो.

पहिलं वाक्य होतं : ‘निदान कारण तरी सांग.’ हे साधं वाटतं. पण कारण हातात आलं की माणूस ते दुरुस्त करायला निघतो. ती नोकरीचं म्हणाली तर हा नोकरी बदलतो म्हणणार, घरच्यांचं म्हणाली तर मी त्यांच्याशी बोलतो म्हणणार. म्हणजे कारण विचारणं हीच सौद्याची पहिली पायरी ठरते. शिवाय तिने कारण दिलेलंच होतं : तसा विचार केला नाही. यापेक्षा पुरेसं कारण नसतं.

दुसरं वाक्य : ‘तीन महिने विचार कर, मी थांबतो.’ तिने मुदत मागितलेली नव्हती. न मागता दिलेली मुदत म्हणजे समोरच्याच्या डोक्यावर ठेवलेलं ओझं असतं. ती रोज मनात दिवस मोजणार आणि तीन महिन्यांनी तिला पुन्हा एकदा नाही म्हणावं लागणार.

तिसरं : ‘मग मित्र तरी राहू, रोज थोडं बोलत जाऊ.’ मैत्री वाईट नाही. पण ज्या दिवशी नकार मिळतो त्या दिवशी मागितलेली मैत्री बहुतेक वेळा उशिरा यायच्या होकाराची रांग असते. आम्ही त्याला विचारलं, ‘उद्या तिचं दुसऱ्या कुणाशी जुळलं, तर या मैत्रीत तू आनंदाने बसशील का?’ तो गप्प राहिला, आणि उत्तर त्या गप्पपणातच होतं.

चौथं : ‘सरावाला माझ्याशी हसून बोलायचीस, ते काय होतं मग?’ इथे सूर बदलतो. तिचा साधा सौजन्याचा वागणूकभाव आता करारपत्र बनतो आणि तिने करार मोडला असा आरोप होतो. पाचवं वाक्य शेवटचं होतं : ‘माझ्यासारखा दुसरा मिळणार नाही, तेव्हा आठवेन.’ हा तर शाप झाला. ‘मनापासून सांगतो’ असं पुढे लावलं म्हणून तो आशीर्वाद होत नाही.

एकेक वाक्य त्याने स्वतःच पुसलं. शेवटी उरलं ते असं : ‘तू स्पष्ट सांगितलंस, बरं झालं. मला समजलं. मी हा विषय पुन्हा काढणार नाही. रविवारी सरावाला नेहमीसारखे भेटू.’

चारच वाक्यं, पण प्रत्येकाला काम आहे. पहिल्याने तिला अपराधी वाटत नाही. दुसऱ्याने नकार पोहोचला हे कळतं. तिसरं सगळ्यात मोलाचं, कारण नाही म्हणणाऱ्या मुलीला खरी भीती पुढच्या मेसेजची असते. चौथ्याने चर्चमध्ये समोरासमोर आल्यावर कसं वागायचं याची अडचण दोघांची सुटते. एकदाच पाठवायचं, त्याच ठिकाणी जिथे तिचं उत्तर आलं, आणि मग थांबायचं. तिने यावर काहीच लिहिलं नाही तरी तो अपमान नव्हे. त्या निरोपाला उत्तराची गरजच नाही.

आता प्रश्न येतो, नकार ओळखायचा कसा? आपल्याकडे मुली सहसा थेट ‘नाही’ म्हणत नाहीत. ‘आत्ता नको’, ‘घरी चालणार नाही’, ‘मला शिकायचंय’, ‘बघू’, किंवा नुसतं मौन. यामागे कधी संकोच असतो, कधी समोरचा चिडेल ही धास्ती असते. एक साधी खूण आहे. ज्या व्यक्तीला खरंच वेळ हवा असतो ती पुन्हा बोलायला स्वतः येते. ती काही विचारते किंवा काही दिवस मागते. जी विषय बदलते आणि भेट टाळते, तिने उत्तर दिलेलं आहे. शंका राहिलीच तर नकार समजावा. ती पुढे स्वतःहून बोलली तर दार उघडंच आहे, पण ते आपण ढकलायचं नाही. मुलाने नाही म्हटल्यावर मुलींनाही हाच नियम लागू पडतो.

इथे काही जण पवित्र शास्त्रच पुढे करतात. अन्यायी न्यायाधीशाकडे पुन्हा पुन्हा जाणारी विधवा लूकच्या अठराव्या अध्यायात आहे, मग आम्ही का थांबावं, असा त्यांचा प्रश्न. पण त्या विधवेने न्याय मागितला होता, आणि न्याय देणं हे न्यायाधीशाचं कर्तव्यच होतं. प्रेम कुणी कुणाचं देणं लागत नाही. या बाबतीत मार्कच्या दहाव्या अध्यायातल्या श्रीमंत माणसाची गोष्ट अधिक जवळची आहे. येशूला त्याच्याविषयी प्रेम वाटलं, त्याने बोलावलं, आणि तो माणूस खिन्न होऊन निघून गेला. येशू त्याच्या मागे धावला नाही. अट कमी करून ‘निम्मी मालमत्ता विक, चालेल’ असंही म्हणाला नाही. त्याने त्याला जाऊ दिलं.

चर्चच्या कायद्यातही याच विचाराला जागा आहे. कलम १०५७ सांगतं की विवाह दोघांच्या संमतीने होतो आणि त्या संमतीची जागा दुसरी कोणतीही मानवी सत्ता भरू शकत नाही. कलम ११०३ नुसार जबरदस्तीने किंवा मोठ्या भीतीने दिलेली संमती विवाहच घडवत नाही. लग्नाआधी फादर वधूवरांना ‘स्वखुशीने आलात ना?’ असं विचारतात ते यासाठीच. मग विनवण्या करून मिळवलेला होकार कशावर उभा राहील? देशाचा कायदाही इथे स्पष्ट आहे. स्त्रीने अनिच्छा स्पष्ट केल्यावरही तिच्याशी पुन्हा पुन्हा संपर्क साधत राहणं हा पुरुषाच्या हातून झालेला गुन्हा ठरतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नवा नंबर घेऊन केलेला ‘शेवटचा’ मेसेजही संपर्कच असतो.

आडवळणाचे मेसेजही थांबवावे लागतात. स्टेटसवर विरहाची गाणी ठेवणं म्हणजे तिला नाव न घेता लिहिणंच. तिच्या मैत्रिणीला विचारणं, आपल्या मावशीला तिच्या आईकडे पाठवणं, फादरना ‘तुम्ही जरा समजवा’ म्हणणं, हे सगळं एका मुलीच्या ‘नाही’वर माणसं गोळा करणं आहे. मावशीमंडळींनाही आमची विनंती आहे : अशा वेळी मध्ये पडू नका, मुलाला जेवायला बोलवा.

मग मनातल्या कडवटपणाचं करायचं काय? तो खोटा नसतो, त्यामुळे नुसता दाबून चालत नाही. त्या मुलाला आम्ही दोन गोष्टी सांगितल्या. रात्री फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावायचा, आणि तिचं संभाषण नजरेआड करून ठेवायचं, म्हणजे ती ऑनलाइन आहे का हे पाहण्याचा मोह कमी होतो. जे लिहावंसं वाटतं ते वहीत लिहायचं आणि देवाला वाचून दाखवायचं. स्तोत्रसंहितेत यासाठी जागा आहे. तेरावं स्तोत्र तक्रारीने सुरू होतं. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं. देवाला आपली चीड सहन होते. जिने फक्त खरं उत्तर दिलं, त्या मुलीवर ती ओतायचं कारण नाही.

रविवारी तो सरावाला आला, पण पहिले काही आठवडे जड गेले असं त्याने सांगितलं. मध्ये त्याने गायनवृंदाच्या प्रमुखांना ‘थोडे दिवस विश्रांती घेतो’ एवढंच सांगून महिनाभर मागच्या बाकावर बसणं पसंत केलं. हेही ठीक आहे. वृंद सोडण्याचा गाजावाजा झाला असता तर सगळ्यांनी कारण विचारलं असतं आणि बोट तिच्याकडे गेलं असतं. दुःख किती दिवस राहील याचं माप नाही. मात्र आठवडे उलटले तरी झोप लागत नाही, जेवण जात नाही, जगणं नकोसं वाटतं असं झालं तर घरी किंवा फादरना सांगा, डॉक्टरकडे जा. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि त्यावर मोफत बोलता येतं.

आणि मिस्सेत शांतीचं अभिवादन करताना ती व्यक्ती शेजारच्या रांगेत असेल, तर बाकी सगळ्यांना करतो तसाच तिलाही हात जोडून नमस्कार करावा. जास्त नाही आणि कमीही नाही.

हे प्रभू, ज्यांनी आम्हाला नाही म्हटलं त्यांचा दिवस सुखाचा जावो, आणि आम्हाला पुढच्या गावाची वाट चालायला बळ दे. आमेन.