बाकी घेतल्यावर भागायचं कसं?

भाची सध्या कॅम्पसच्या कोडिंग राउंडची तयारी करते आहे. परवा तिने विचारलं, "मामा, नमुन्याच्या सगळ्या टेस्ट पास होतात, मग सबमिट केल्यावर उत्तर चुकतं कसं?" प्रश्न होता n जणांतून r जण किती प्रकारे निवडता येतील याचा, आणि उत्तराला १,००,००,००,००७ ने भागून उरणारी बाकी द्यायची होती.

तिने अंशाची बाकी काढली, छेदाची काढली आणि एकीला दुसरीने भागलं. बेरीज, वजाबाकी, गुणाकार करताना मधेच बाकी घेतलेली चालते. भागाकारात चालत नाही.

मी तिला शंभर कोटी सातऐवजी ७ घेऊन दाखवलं. सहा जणांतून तीन निवडायचे: ६×५×४ म्हणजे १२०, त्याला ६ ने भागून २०. २० ला ७ ने भागल्यावर बाकी ६. आता आधी बाकी घेऊ. १२० ची बाकी १, आणि १ भागिले ६ कोडमध्ये ० येतं. नमुन्यातले आकडे लहान, मोड ओलांडतच नाहीत, म्हणून तिथे ही चूक दिसत नाही.

उपाय असा, की ६ ने भागण्याऐवजी अशा संख्येने गुणायचं, जिला ६ ने गुणल्यावर बाकी १ उरते. ७ च्या हिशेबात ती संख्या ६ च आहे, कारण ६×६ म्हणजे ३६, बाकी १. मग १×६ म्हणजे ६. उत्तर जुळलं. हिला व्यस्त म्हणतात.

मोठ्या मोडसाठी ती शोधायला फर्माचा सिद्धांत कामी येतो: p मूळ संख्या असेल आणि b ला p ने भाग जात नसेल, तर b चा p−२ वा घात हाच b चा व्यस्त.

```python
p = 10**9 + 7
ans = a * pow(b, p - 2, p) % p
```

हा pow वर्ग करत करत जातो, म्हणून तीसएक पायऱ्यांत काम होतं. सी++ मध्ये मात्र गुणाकार `long long` मध्येच करायचा; दोन बाक्यांचा गुणाकार `int` मध्ये मावत नाही.

मग तिचा पुढचा प्रश्न आला, "मोड मूळ संख्या नसेल तर?" समजा मोड १२ आहे आणि ४ ने भागायचंय. ४ च्या पटींना १२ ने भागून बाकी ०, ४ किंवा ८ च उरते, १ कधीच नाही. म्हणजे व्यस्तच नाही. b आणि मोड यांचा मसावि १ असेल तरच व्यस्त मिळतो, आणि तेव्हा मसावि काढण्याच्या युक्लिडच्या पायऱ्या उलट चालवून तो सापडतो. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तला कुट्टक हीच रीत आहे.

म्हणून मी तिला सांगितलं, की कोडमध्ये `%` आणि `/` शेजारी दिसले की थांबायचं आणि मोड मूळ आहे का ते आधी पाहायचं.